सायनसची डोकेदुखी की मायग्रेन? चेहऱ्याच्या दुखण्याचं मूळ शोधायची क्रमवार पद्धत

गाल ठणकतात, भिवयांच्या मध्ये दाब येतो, नाक चोंदतं, खाली वाकलं की डोकं जड होतं. एवढं झालं की निदान घरातच होतं: सायनस. मग वाफ, नाकातले थेंब, अँटिबायोटिकचा कोर्स. दोन-तीन दिवसांत बरं वाटतं आणि महिन्याभरात पुन्हा तेच. हा क्रम वर्षानुवर्षं चालवणारे लोक खूप आहेत, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या सायनसमध्ये, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांमध्ये, दुखण्याच्या वेळी काहीच बिघडलेलं नसतं.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे ३,००० लोक घेतले होते. ‘मला सायनसची डोकेदुखी आहे’ असं त्यांनी स्वतः तरी ठरवलं होतं किंवा त्यांना डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. ताप, पू किंवा एक्स-रेवर संसर्ग दिसलेले रुग्ण आधीच वगळले होते. उरलेल्यांपैकी ८८ टक्के लोकांचं दुखणं मायग्रेनच्या प्रकारातलं निघालं. संसर्ग असलेले वगळले असल्यामुळे हा आकडा सगळ्यांना सरसकट लावता येणार नाही. पण वारंवार येणारं, ताप नसलेलं, पू नसलेलं दुखणं ज्यांना आहे त्यांना तो नेमका लागू पडतो.

हा लेख अशाच लोकांसाठी आहे. निदान डॉक्टरांनीच करायचं आहे. पण ते ज्या माहितीवर होतं ती फक्त तुमच्याकडे असते, आणि ती बहुतेक वेळा चुकीच्या क्रमाने गोळा होते. सगळे आधी ‘कुठे दुखतं’ ते सांगतात, आणि नेमकी तीच माहिती सर्वांत कमी उपयोगाची असते. कपाळ, डोळ्यांभोवतालचा भाग, गाल, वरचे दात, सायनसचं आतलं अस्तर आणि मेंदूवरच्या आवरणाचा मोठा भाग या सगळ्यांची संवेदना ट्रायजेमिनल नावाच्या एकाच मज्जातंतूतून जाते. मुळात कुठेही गडबड झाली तरी दुखणं गालावर किंवा भिवयांमध्ये जाणवू शकतं.

## सुरुवातीआधी: हे असेल तर लेख बाजूला ठेवा

खालीलपैकी काहीही असेल तर नोंदी ठेवत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना किंवा रुग्णालय गाठा:

- डोळ्याभोवती सूज किंवा लाली, डोळा पुढे आल्यासारखा दिसणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, नजर कमी होणं
- ताप आणि मान आखडणं, गुंगी, असंबद्ध बोलणं, फिट येणं
- काही सेकंदांत टिपेला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी
- हातापायात कमजोरी, तोंड वाकडं होणं, बोलताना अडखळणं
- लाल, प्रचंड दुखणारा डोळा आणि दिव्यांभोवती कडी दिसणं
- वय पन्नाशीच्या पुढे आणि डोकेदुखी पहिल्यांदाच सुरू झालेली. त्यातही कानशील दाबल्यावर किंवा केस विंचरताना दुखणं आणि चावताना जबडा भरून येणं

यातल्या शेवटच्या मुद्द्याकडे फार लोक दुर्लक्ष करतात. ते रक्तवाहिनीच्या दाहाचं लक्षण असू शकतं, आणि त्यात उपचाराला उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. कर्करोग असलेले, प्रतिकारशक्ती कमी असलेले किंवा गरोदर असलेले यांनीही नवीन डोकेदुखी अंगावर काढू नये.

## टप्पा १: वही आणि जुने कागद

साधी वही घ्या आणि किमान ४ ते ६ आठवडे नोंद करायचं ठरवा. याहून कमी काळात हाती फार तर एखादाच झटका येतो, आणि एका झटक्यावरून काही ठरत नाही.

दुखेल त्या प्रत्येक दिवशी सहा गोष्टी लिहा: दुखणं सुरू झालं ती वेळ, पूर्ण थांबलं ती वेळ, नाकातून काय आलं, उजेड-आवाज-मळमळ यांचं काय झालं, कामाचं काय झालं, आणि कोणती गोळी किती वाजता घेतली. बायकांनी पाळीच्या तारखाही लिहाव्यात. जागा हवी तर लिहा, पण शेवटी.

जुने कागदही काढून ठेवा: अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्या, स्कॅनचे अहवाल, दातांची कामं. प्रत्येक अहवालावर पेन्सिलने लिहा, ‘त्या दिवशी सर्दी होती का?’ याचं महत्त्व टप्पा ५ मध्ये कळेल.

नेहमीची चूक: दुखणं गेल्यावर आठवून लिहिणं. आठवणीत ‘दोन दिवस दुखत होतं’ एवढंच उरतं. तासाभराचा फरकसुद्धा पुढे कामी येतो, म्हणून दुखत असतानाच दोन ओळी खरडा. अक्षर कसंही आलं तरी चालेल.

## टप्पा २: पहिली नोंद नाकाची

खरा सायनसायटिस म्हणजे नाकाचा आणि सायनसचा दाह. त्यामुळे नाकाची ठळक तक्रार नसेल तर तो असण्याची शक्यता फार कमी. तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही निदानासाठी नाक चोंदणं किंवा नाकातून स्राव येणं यांपैकी एक लक्षण असावंच लागतं. चेहऱ्याचं दुखणं आणि वास कमी येणं ही लक्षणं त्याच्या जोडीला येतात. नुसत्या दुखण्यावर सायनसायटिस ठरत नाही.

म्हणून दुखत असताना नाक शिंकरून रुमालात पाहा. घट्ट, पिवळा-हिरवा शेंबूड आहे की पाण्यासारखं पातळ? घशात मागून काही उतरतंय का? कॉफीचा किंवा साबणाचा वास नेहमीसारखा येतोय का? एवढं पाहून लिहा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, कारण निम्मे गैरसमज तिच्यातूनच येतात. नाक चोंदणं आणि डोळ्यांतून पाणी येणं मायग्रेनमध्येही होतं. ट्रायजेमिनल मज्जातंतू चेतवला गेला की मेंदूच्या देठातून एक प्रतिक्षिप्त क्रिया सुरू होते. तिथून निघालेले संदेश नाकाच्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या फुगवतात आणि अश्रुग्रंथींना पाणी सोडायला लावतात. अस्तर सुजतं, नाक बंद होतं, पातळ पाणी येतं, पापणी जड होते. म्हणजे नाक खरोखरच चोंदतं, तो भास नसतो. फक्त तिथे संसर्ग नसतो. मायग्रेनच्या रुग्णांमध्ये हे इतकं सर्रास दिसतं की ‘नाक वाहतंय म्हणजे मायग्रेन नाही’ हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडूनही आलं तरी मान्य करू नये.

फरक असा: मायग्रेनमधलं नाकातलं पाणी स्वच्छ आणि पातळ असतं, दुखण्याबरोबर येतं आणि दुखण्याबरोबर जातं. संसर्गात नाक आधी बिघडतं, दुखणं मागून येतं, आणि दुखणं ओसरलं तरी नाक काही दिवस धड नसतं.

तपासणी: वहीत पाहा, आधी काय सुरू झालं, नाक की डोकं? आणि आधी काय थांबलं?

सावधान: पिवळा रंग दिसला म्हणजे जिवाणू, असंही नाही. साध्या विषाणूच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड पिवळा होतो. त्या रंगावरून अँटिबायोटिक सुरू करू नये.

## टप्पा ३: घड्याळाची आणि कॅलेंडरची साक्ष

मला एकच प्रश्न विचारायची मुभा असेल तर मी ‘किती वेळ?’ हाच विचारेन.

उपचार न केलेला किंवा गोळी लागू न पडलेला मायग्रेनचा झटका मोठ्या माणसात ४ ते ७२ तास टिकतो. म्हणजे काही तासांपासून तीन दिवसांपर्यंत. आणि मग माणूस पुढच्या झटक्यापर्यंत ठणठणीत असतो. विषाणूची सर्दी ७ ते १० दिवस चालते. जिवाणूंचा सायनसायटिस असल्याची शंका तेव्हा घेतात जेव्हा लक्षणं १० दिवसांनंतरही जराही कमी होत नाहीत. किंवा सर्दी बरी होत आली असताना पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा ताप, शेंबूड आणि दुखणं वाढतं. किंवा सुरुवातीपासूनच ३९ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त ताप, पुवासारखा स्राव आणि चेहऱ्याचं दुखणं सलग तीन-चार दिवस राहतं.

‘दर महिन्याला दोनदा दीड दिवस सायनस होतो’ हे वाक्य या मोजमापात बसतच नाही. दीड दिवसात येऊन जाणारा जिवाणूंचा संसर्ग नसतो.

याच घड्याळात अँटिबायोटिकचं कोडंही सुटतं. ‘पण मला गोळ्यांनी बरं वाटतं ना!’ हा सर्वांत जास्त ऐकू येणारा युक्तिवाद. दुखणं दुसऱ्या दिवशी असह्य होतं, तेव्हा माणूस गोळ्या सुरू करतो, आणि तिसऱ्या दिवशी झटका आपोआप संपतो. श्रेय गोळीला जातं. शिवाय सर्दीच्या मिश्र गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल, कधी कॅफिन असतं. त्यानेही मायग्रेन थोडा उतरतो. त्यामुळे गोळीचा गुण आला यावरून निदान सिद्ध होत नाही.

हवामानाचंही तसंच. ढग आले, वारा बदलला, थंडी पडली की दुखतं म्हणून सायनस, असं लोक म्हणतात. हवामानातला बदल मायग्रेन असलेले अनेक जण झटक्याचं कारण म्हणून सांगतात. या खुणेने दोन्हींत फरक करता येत नाही.

## टप्पा ४: तीन प्रश्न

मायग्रेन ओळखण्यासाठी दवाखान्यात वापरली जाणारी एक छोटी चाळणी आहे. गेल्या तीन महिन्यांतली डोकेदुखी आठवा आणि वहीशी ताडून पाहा:

1. दुखताना मळमळतं का, पोटात ढवळतं का?
2. दुखताना एरवीपेक्षा उजेडाचा जास्त त्रास होतो का?
3. दुखण्यामुळे एखादा दिवस तरी काम, अभ्यास किंवा घरचं करायचं ते राहिलं का?

तीनपैकी दोन उत्तरं ‘हो’ असतील तर मायग्रेनची शक्यता बरीच आहे. हे अंतिम निदान नव्हे, पण पुढे कोणत्या दिशेने जायचं ते यातून कळतं.

या प्रश्नांना लोक खोटी नसलेली पण चुकीची उत्तरं देतात. ‘उजेडाचा त्रास? नाही.’ मग विचारलं, की दुखताना तुम्ही कुठे असता, तर उत्तर येतं, ‘खोलीत, पडदे ओढून.’ ‘मळमळ? नाही.’ जेवलात का? ‘छे, अन्न समोरही नको वाटतं.’ म्हणून वहीत भावना लिहू नका, कृती लिहा: पडदे ओढले, मोबाइल उपडा ठेवला, जेवण टाळलं, जिना चढवेना, पोरांना गप्प बसवलं.

दोन्ही बाजूंना दुखतं म्हणून मायग्रेन नाही, हाही गैरसमज काढून टाका. एका बाजूला दुखणं ही चार खुणांपैकी एक खूण आहे, अट नाही. उरलेल्या तीन म्हणजे ठणका, मध्यम ते तीव्र दुखणं, आणि चालण्या-चढण्यासारख्या साध्या हालचालीने वाढणं. यांतल्या कोणत्याही दोन असल्या तरी पुरे. त्यांच्या जोडीला मळमळ किंवा उलटी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणं, यांपैकी एक हवं; आणि असे किमान पाच झटके येऊन गेलेले हवेत.

वाकल्यावर दुखणं वाढतं ही ‘सायनसची खात्रीची खूण’ समजली जाते. मायग्रेनमध्येही डोकं हलवलं, वाकलं, खोकलं की ठणका वाढतो. गालावर बोटाने दाबून दुखतंय का पाहणंही तितकंच फसवं: झटक्याच्या वेळी चेहऱ्याची त्वचाच हळवी झालेली असते, चष्म्याची दांडीसुद्धा टोचते.

## एक वही वाचून पाहू

समजा, चौतीस वर्षांच्या एका शिक्षिकेची ही वही आहे. तीन वर्षांपासून ‘जुना सायनस’, गेल्या वर्षात अँटिबायोटिकचे चार कोर्स. सहा आठवड्यांतल्या पाच नोंदींपैकी दोन अशा आहेत.

*मंगळवार.* सकाळपासून जांभया, मान आखडलेली. दुपारी अडीचला भिवयांमध्ये आणि डाव्या डोळ्याखाली दाब. तीनला डावी नाकपुडी बंद, रुमालावर नुसतं पाणी. चारला शेवटचा तास सोडून घरी. पडदे ओढून पडले. रात्री जेवण नाही. सर्दीची गोळी घेतली, फारसा फरक नाही. बुधवारी सकाळी दहाला दुखणं गेलं, नाकही मोकळं. दिवसभर गळून गेल्यासारखं.

*तीन आठवड्यांनी, शनिवार.* घसा खवखवतोय. रविवारी नाक गळतंय, सोमवारी दोन्ही बाजूंनी चोंदलं. मंगळवारी घट्ट पिवळा शेंबूड, कॉफीचा वास येईना. गालांवर मंद जडपणा, पण शाळेत गेले, जेवले. पुढच्या रविवारपर्यंत सगळं ओसरलं.

पहिली नोंद साडेएकोणीस तासांची. डोकं आणि नाक पाठोपाठ बिघडलं, एकदमच सुटलं. पाणी स्वच्छ, उजेड नको, अन्न नको, काम सुटलं. तिन्ही प्रश्नांना ‘हो’. आदल्या जांभया आणि आखडलेली मान, नंतरचा थकवा, हेही मायग्रेनच्या झटक्याच्या आगेमागे दिसतं. दुसरी नोंद सरळ सर्दीची: नाक आधी, आठ-नऊ दिवस, वास गेला, जडपणा होता पण दिवस निभावला. तिलाही अँटिबायोटिक लागलं नाही.

उरलेल्या तीन नोंदी पहिलीसारख्याच, आणि त्यांतल्या दोन पाळीच्या आदल्या दोन दिवसांतल्या. म्हणजे या बाईंना दोन्ही होतं: अधूनमधून सर्दी, आणि महिन्यातून तीन वेळा मायग्रेन. दोन्हींना एकच नाव दिल्यामुळे घोळ झाला होता. प्रत्यक्षातल्या वह्याही बहुधा अशाच मिश्र असतात. एकच नोंद पाहून निकाल लावू नका.

## टप्पा ५: स्कॅनचा अहवाल तारखेसह वाचा

‘मॅक्सिलरी सायनसच्या’, म्हणजे गालाच्या सायनसच्या, ‘अस्तराला जाडी’ हे शब्द अहवालात दिसले की लोकांना पुरावा मिळाल्यासारखं वाटतं. पण डोक्याच्या दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये, ज्यांना नाकाची काही तक्रार नाही अशांच्याही सायनसमध्ये थोडी जाडी, एखादा पाणफोड सर्रास दिसतो. नाकाचा पडदा वाकडा असणंही फार सामान्य आहे. साध्या सर्दीत तर चित्र आणखी बिघडतं: १९९४ मधल्या एका अभ्यासात नुकतीच सर्दी झालेल्या प्रौढांचे सीटी स्कॅन केले, तेव्हा ८७ टक्के लोकांच्या गालाच्या सायनसमध्ये बदल सापडले, आणि बहुतेकांचे ते अँटिबायोटिकशिवाय दोन-तीन आठवड्यांत निवळले.

म्हणून पेन्सिलने लिहिलेली ती ओळ पाहा. सर्दीत काढलेला स्कॅन बहुधा जाड अस्तर दाखवेलच. त्यावरून महिन्याभराने आलेल्या दुखण्याचं कारण ठरत नाही. उलट स्कॅनचा सर्वांत जास्त उपयोग तो स्वच्छ असताना होतो: ऐन दुखत असताना काढलेला सीटी स्वच्छ आला, किंवा तज्ज्ञांनी दुर्बिणीने नाक पाहिलं आणि सूज-पू काही नाही, तर त्या दुखण्याचं मूळ सायनसमध्ये असण्याची शक्यता जवळपास संपते.

नियमाला एक अपवाद आहे. कवटीच्या खोल मध्यभागी असलेल्या स्फेनॉइड सायनसचा संसर्ग नाकाची फारशी तक्रार न देता डोक्याच्या मधोमध किंवा डोळ्यांमागे सतत, वाढत जाणारं दुखणं देऊ शकतो. तो विरळा आहे, पण जवळच डोळ्याचे मज्जातंतू असल्याने धोक्याचा. मधे मोकळे दिवस न देता रोज वाढत जाणारं नवीन दुखणं असेल तर वहीचे सहा आठवडे पूर्ण होण्याची वाट पाहू नका.

सावधान: नाकाचा पडदा सरळ करायची शस्त्रक्रिया ‘डोकेदुखीसाठी’ सुचवली गेली तर तारीख घेण्याआधी टप्पा ३ आणि ४ पूर्ण करा. नाक खरोखर बंद राहत असेल तर शस्त्रक्रियेने श्वास मोकळा होईल. मायग्रेन मात्र तिथेच राहील.

## टप्पा ६: सायनसही नाही, मायग्रेनही नाही, तर काय?

आधी दात. वरच्या दाढांची मुळं गालाच्या सायनसच्या तळाशी टेकलेली असतात. एकाच बाजूला दुखतं, त्याच बाजूने दुर्गंधी येणारा स्राव येतो, दाढेवर चमच्याच्या दांडीने हलकं टिचकलं तर कळ येते, असं असेल तर पहिली पायरी दंतवैद्याची. या संसर्गात सायनस खरोखरच भरलेला असतो, पण दाढ दुरुस्त होईपर्यंत कितीही अँटिबायोटिक घेतलं तरी तो परततो.

मग जबडा. कानापुढच्या सांध्याशी दुखणं, चावताना किंवा जांभई देताना वाढणं, सकाळी उठल्यावर गाल आणि कानशील ताठर असणं ही जबड्याच्या स्नायू-सांध्याची लक्षणं. रात्री दात खाण्याची सवय घरच्यांना विचारून घ्या, कारण स्वतःला ती कळत नाही.

विजेचा झटका बसल्यासारखी कळ, सेकंदापासून दोन मिनिटांपर्यंत, दात घासताना किंवा गालाला वारा लागला तरी येणारी, हे ट्रायजेमिनल न्यूरॅल्जियाचं वर्णन. एका डोळ्याभोवती प्रचंड दुखणं, त्याच बाजूचा डोळा लाल आणि नाक वाहतं, १५ मिनिटं ते ३ तास, आणि माणूस पडून न राहता येरझाऱ्या घालतो: ही क्लस्टर डोकेदुखी. मायग्रेनचा रुग्ण अंधारात निपचित पडतो, क्लस्टरचा रुग्ण एका जागी थांबू शकत नाही. न्यूरॅल्जिया आणि क्लस्टर या दोन्ही दुखण्यांचे उपचार वेगळे आहेत, आणि साध्या वेदनाशामकांनी ती हटत नाहीत.

शेवटी एक प्रकार जो फार कमी लोकांना माहीत असतो. नाकाच्या मुळाशी, डोळ्यांखाली, गालांवर दोन्हीकडे सारखाच दाब, जवळपास रोज, नाक बंद असल्याची जाणीव पण श्वास मात्र मोकळा. मळमळ नाही, ठणका नाही. ताणाच्या डोकेदुखीचंच हे चेहऱ्यावरचं रूप मानलं जातं, आणि त्यावर रात्री अल्प मात्रेत घ्यायचं अमिट्रिप्टिलिन काही आठवड्यांत बऱ्याच जणांना गुण देतं. हे औषध मूळचं नैराश्यावरचं आहे म्हणून काही जण ते पाहून नाराज होतात. इथे ते दुखणं वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंसाठी दिलेलं असतं.

## टप्पा ७: गोळ्या मोजा

वहीतले ‘गोळीचे दिवस’ मोजा. गोळ्यांची संख्या नको, दिवस. तीन महिन्यांहून जास्त काळ महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामकं, किंवा १० किंवा जास्त दिवस मिश्र गोळ्या, मायग्रेनच्या झटक्यावरची ट्रिप्टान वर्गातली औषधं किंवा अफूवर्गीय औषधं घेतली जात असतील, तर औषधच डोकेदुखी वाढवत असण्याची शक्यता आहे. मूळ दुखणं कोणतंही असो, हा थर काढल्याशिवाय पुढचे उपचार नीट लागू पडत नाहीत. तो कसा काढायचा हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. काही औषधं एकदम बंद करणं धोक्याचं असतं.

नाक मोकळं करणाऱ्या झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन अशा फवाऱ्यांचंही तेच. पाच दिवसांपुढे ओढत नेले तर त्यांचा परिणाम उतरताच अस्तर आणखी सुजतं आणि नाक कायमचं बंद वाटू लागतं. मग ‘सायनस’ अजून पक्का होतो.

## टप्पा ८: दवाखान्यात काय बोलायचं आणि उपचार कसा जोखायचा

‘मला सायनस आहे’ या वाक्याने सुरुवात करू नका. त्याऐवजी म्हणा: ‘मला महिन्यातून तीन वेळा, साधारण वीस तास टिकणारं दुखणं येतं, त्या वेळी नाकातून पाणी येतं, उजेड नको होतो, जेवण जात नाही. ताप नसतो, पू नसतो.’ आणि वही पुढे ठेवा. ऐकणाऱ्याला आयतं नाव न देता माहिती दिली की विचारही नव्याने होतो.

मायग्रेन ठरलं तर झटक्याच्या गोळीत तीन चुका होतात. उशिरा घेणं, अपुऱ्या मात्रेत घेणं, आणि पोट ढवळत असताना नुसतीच गिळणं. झटक्यात जठराचं काम मंदावतं, गोळी पोटातच पडून राहते. म्हणून दुखणं हलकं असतानाच, डॉक्टरांनी सांगितलेल्या पूर्ण मात्रेत, आणि गरज असेल तर मळमळीच्या औषधासोबत ती घ्यायची असते. साध्या गोळ्या पुरल्या नाहीत तर ट्रिप्टान असतात. हृदयविकार, अर्धांगवायूचा इतिहास किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ते चालत नाहीत, तेव्हा हे आजार आपणहून सांगा. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, दमा किंवा गरोदरपण असेल तर आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांबद्दलही आधी विचारा.

महिन्यात चार किंवा जास्त दिवस दुखण्यात जात असतील तर रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधाचा विषय काढा. त्याचा निकाल आठवड्यात लागत नाही. सहन होणाऱ्या मात्रेवर साधारण आठ ते बारा आठवडे घेऊन मगच ‘चाललं’ की ‘नाही चाललं’ ते ठरवायचं, आणि ठरवायचं तेही वहीतले दुखण्याचे दिवस मोजून. नऊचे चार झाले तर औषध काम करतंय, जरी ते चार दिवस पूर्वीइतकेच वाईट वाटले तरी.

ट्रिप्टानने बरं वाटलं म्हणजे मायग्रेन सिद्ध झालं, असंही धरू नका; दुसऱ्या काही दुखण्यांतही त्याने आराम पडतो. निदान वहीतून दिसणाऱ्या दुखण्याच्या साच्यावर उभं असतं. दोन-तीन महिन्यांत तो साचा बदलला, मोकळे दिवस नाहीसे झाले, दुखणं एकाच बाजूला खिळलं, किंवा नाकातून पुन्हा पुन्हा रक्तमिश्रित अथवा दुर्गंधी स्राव येऊ लागला, तर टप्पा २ पासून पुन्हा सुरुवात करा आणि या वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे दुर्बिणीची तपासणी करून घ्या.